अंतिम परीक्षेत किती गुण लागतील? शिक्षकांना पाठवण्याच्या दोन ईमेलची तुलना

सत्र संपत आले की माझ्याकडे एकाच प्रश्नाचे ईमेल येऊ लागतात: उत्तीर्ण होण्यासाठी अंतिम परीक्षेत किती गुण मिळवावे लागतील? काही विद्यार्थी एवढाच प्रश्न विचारून थांबतात, तर काही जण स्वतः केलेले गणित लिहून पाठवतात आणि ते बरोबर आहे का, असे विचारतात. यांपैकी कोणता ईमेल पाठवावा, या विचारात असलेल्या विद्यार्थ्यासाठी दोन्ही नमुने येथे शेजारी ठेवून पाहिले आहेत. विषय दुसऱ्या वर्षाचा ‘स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स’ घेतला आहे आणि महाविद्यालय स्वायत्त आहे. त्याची गुणरचना अशी आहे: मिड-सेम ३० गुण, क्विझ १५, असाइनमेंट ५ आणि अंतिम परीक्षा ५०. अंतिम परीक्षेचा पेपर मात्र १०० गुणांचा असतो व मिळालेले गुण निम्मे करून धरले जातात. उत्तीर्ण होण्यासाठी एकूण १०० पैकी ४० गुण लागतात आणि त्याशिवाय अंतिम पेपरात स्वतंत्रपणे १०० पैकी ४० मिळवावे लागतात.

पहिला ईमेल साधारण असा असतो.

> आदरणीय सर, मला या विषयात पास होण्यासाठी फायनलला किती मार्क लागतील? मिड-सेम खराब गेली होती. प्लीज सांगा सर, खूप टेन्शन आले आहे. धन्यवाद.

दुसरा ईमेल असा असतो.

> विषय: स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, अंतिम परीक्षेत लागणारे गुण, रोल नं. ४७
>
> आदरणीय सर, मी दुसऱ्या वर्षाच्या ब तुकडीत आहे. मला मिड-सेममध्ये ३० पैकी ८ आणि क्विझमध्ये १५ पैकी ७ गुण आहेत. असाइनमेंटचे गुण अजून लागलेले नाहीत, त्यामुळे ५ पैकी २ धरून चाललो आहे. म्हणजे अंतर्गत गुण ८ + ७ + २ = १७ होतात. एकूण ४० होण्यासाठी ४० − १७ = २३ गुण हवेत, पण हे ५० पैकी आहेत. पेपर १०० गुणांचा असल्यामुळे पेपरात २३ × २ = ४६ गुण लागतील. पेपरात स्वतंत्रपणे लागणारे ४० गुण यात आपोआप येतात. हे गणित बरोबर आहे का, आणि पेपरात ४५ मिळाल्यास त्याचे २२.५ होतात, ते २३ धरले जातात का, एवढे कृपया कळवावे.

पहिल्या ईमेलमध्ये उद्धटपणा मुळीच नाही आणि त्यातली काळजीही खरी आहे. अडचण एवढीच, की तो वाचून शिक्षकाला लगेच उत्तर देता येत नाही. रोल नंबर नाही, तुकडी नाही, कधी कधी विषयाचे नावही नसते. शिक्षकाला आधी विद्यार्थी शोधावा लागतो, मग तीन ठिकाणची नोंद काढावी लागते आणि मग तेच गणित करावे लागते, जे विद्यार्थ्याला दोन मिनिटांत करता आले असते. शंभराच्या आसपास विद्यार्थी असलेल्या वर्गात असे ईमेल मागे पडतात आणि पेपर चार दिवसांवर असताना मागे पडलेल्या उत्तराचा फारसा उपयोग राहत नाही. दुसरे म्हणजे ‘मिड-सेम खराब गेली’ आणि ‘प्लीज’ ही दोन वाक्ये एकत्र आली की प्रश्न माहितीचा आहे की गुण वाढवून मागण्याचा, हे स्पष्ट होत नाही. ज्याला गुण वाढवून नको आहेत, त्याने हा संशय येऊ न देणेच चांगले.

दुसऱ्या ईमेलचे उत्तर शिक्षक एका ओळीत देऊ शकतो. पण मला त्याचा खरा फायदा वेगळाच वाटतो: आकडे लिहिलेले असल्यामुळे चूक कोठे आहे ते दिसते. विद्यार्थ्यांची सर्वांत नेहमीची चूक ही गुणांच्या रूपांतराची असते. ४० मधून १७ वजा करून २३ आले की ‘पेपरात २३ काढायचे’ असे समजून विद्यार्थी अभ्यासाला लागतो. प्रत्यक्षात १०० च्या पेपरात २३ मिळाले, तर ५० पैकी ११.५ होतात आणि एकूण २८.५ वर गाडी थांबते. पहिल्या प्रकारचा ईमेल पाठवणाऱ्याला शिक्षकाने घाईत नुसते ‘२३’ असे उत्तर दिले, तर ते ५० पैकी आहेत की १०० पैकी, हा घोळ तसाच राहतो. दुसऱ्या ईमेलमध्ये ‘५० पैकी’ हे शब्द लिहिलेले आहेत, म्हणून तेथे गैरसमजाला जागा उरत नाही.

याच गणितातून विद्यार्थ्याच्या हाती आणखी एक गोष्ट लागते, जी नुसता प्रश्न विचारून कधीच लागत नाही. असाइनमेंटचे गुण २ गृहीत न धरता मोकळे सोडले, तर शून्य मिळाल्यास पेपरात ५० लागतात, २ मिळाल्यास ४६ आणि पूर्ण ५ मिळाल्यास ४०. म्हणजे असाइनमेंटचा प्रत्येक गुण पेपरातल्या दोन गुणांच्या बरोबरीचा आहे. अपुरे राहिलेले शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंटचे आलेख पूर्ण करून वेळेत जमा केले आणि त्यातून दोन गुण वाढले, तर पेपरातले चार गुण हलके झाले. ईमेल लिहिण्याआधी स्वतः हिशेब मांडणाऱ्या विद्यार्थ्याला हे दिसते, आणि तेही अजून काही करता येईल अशा वेळी दिसते.

वजाबाकीची पद्धत मात्र सगळीकडे लागू पडत नाही आणि गणित मांडणाऱ्यांची दुसरी मोठी चूक येथेच होते. याच वर्गातला एक विद्यार्थी असा समजा, की त्याचे अंतर्गत गुण ५० पैकी २९ आहेत. ४० − २९ = ११, त्याचे दुप्पट २२. हा विद्यार्थी २२ गुणांवर निश्चिंत राहिला, तर तो नापास होईल, कारण पेपरातली ४० ची स्वतंत्र अट त्याच्यासाठीही आहे. या रचनेत अंतर्गत २० गुणांवर काटा आहे. अंतर्गत गुण २० पेक्षा कमी असतील, तर वजाबाकी करून येणारा आकडा ४० च्या वर जातो आणि तोच लागू होतो. अंतर्गत गुण २० किंवा अधिक असतील, तर ते कितीही वाढले तरी पेपरातले ४० काही कमी होत नाहीत. म्हणून ईमेलमध्ये दोन्ही आकडे काढून त्यांतला मोठा लिहावा. ‘स्वतंत्र अट यात येते’ हे वरच्या ईमेलमधले वाक्य छोटे असले, तरी ते वाचल्यावर नियम विद्यार्थ्याला नीट समजला आहे, याची मला खात्री पटते.

काही ठिकाणी तर वजाबाकीचा प्रश्नच येत नाही. मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकीच्या २०१९ च्या ‘सी’ स्कीममध्ये लेखी विषयाला अंतर्गत चाचण्यांचे २० आणि सत्रान्त परीक्षेचे ८० गुण होते, आणि दोन्ही पासिंगचे वेगळे हेड होते: २० पैकी ८ आणि ८० पैकी ३२. अंतर्गत १८ मिळालेल्या विद्यार्थ्याने ४० मधून १८ वजा करून २२ काढले, तर ते उत्तर चूक आहे. त्यालाही ३२ च लागतात. अशा रचनेत ‘मला किती लागतील’ हा प्रश्न विचारायचीच गरज नसते. तेथे विचारण्यासारखे एवढेच असते, की अंतर्गत हेड सुटले आहे की नाही. त्यामुळे ईमेल लिहायला बसण्यापूर्वी गुणरचनेच्या पत्रकात उत्तीर्णतेची अट एकत्रित आहे, वेगळ्या हेडची आहे की दोन्ही आहेत, हे पाहून घ्यावे.

मग शिक्षकाला विचारायचे तरी काय? पत्रकात जे नाही ते. वरच्या उदाहरणात ते अर्ध्या गुणाचे आहे. ४५ चे २२.५ होतात आणि १७ मिळवून ३९.५. ही अपूर्णांकाची वाढ परीक्षा विभाग देतो की नाही, आणि देत असेल तर पेपराच्या गुणांवर देतो की एकूण बेरजेवर, हे विद्यार्थ्याला माहीत असण्याचे कारण नाही. असा एक नेमका प्रश्न असला, की शिक्षकालाही परीक्षा विभागाकडे विचारून सांगता येते. ग्रेसच्या गुणांचा हिशेब मात्र या ईमेलमध्ये मांडू नये. ते निकाल लागताना नियमानुसार मिळतात. आधी गृहीत धरून लक्ष्य खाली आणण्यासाठी ते नसतात.

आकडे लिहिण्याचा आणखी एक उपयोग मी स्वतः अनुभवला आहे. एका विद्यार्थिनीच्या ईमेलमध्ये मिड-सेमचे १४ गुण होते आणि माझ्या नोंदीत ११. उत्तरपत्रिका काढून पाहिली, तेव्हा पुरवणीवर सोडवलेल्या प्रश्नाचे ३ गुण मुखपृष्ठावरच्या बेरजेत आलेच नव्हते. ती चूक माझी होती. तिने नुसते ‘किती लागतील’ असे विचारले असते, तर मी ११ धरूनच उत्तर दिले असते आणि तिला पेपरात ६ गुण जास्तीचे मिळवायला सांगितले असते. अंतर्गत गुण परीक्षा विभागाकडे जाण्यापूर्वीचा आठवडा हा असा ईमेल पाठवण्याचा योग्य काळ आहे, कारण नोंद एकदा बंद झाली, की दुरुस्तीसाठी अर्ज, सही आणि मंजुरी यांत दिवस जातात.

गणित न मांडता ईमेल पाठवणे योग्य ठरेल अशीही एक परिस्थिती आहे: अंतर्गत गुण अजून दाखवलेच नसतील आणि गुणरचनेचे पत्रकही मिळाले नसेल, तर गणित मांडण्यासारखे काही हातात नसते. तेव्हा रोल नंबर, तुकडी आणि विषय लिहून अंतर्गत गुण व उत्तीर्णतेचा नियम विचारावा. त्या ईमेलमध्ये ‘किती लागतील’ हे विचारू नये. दोन्ही गोष्टी कळल्या, की तो आकडा विद्यार्थ्याला स्वतः काढता येतो आणि पडताळणीसाठी दुसऱ्या प्रकारचा ईमेल पाठवता येतो. बाकी सर्व वेळी मी दुसऱ्याच ईमेलची शिफारस करेन, गणितात चूक होण्याची भीती वाटत असली तरीही. चुकलेले गणित समोर असेल, तर मला नेमकी ती ओळ दाखवता येते.

४६ हा आकडा पक्का झाल्यावर विद्यार्थ्याने ईमेलच्या उत्तरात आणखी एक गोष्ट विचारली तर मला आवडते: कोणत्या घटकांवर भर द्यावा? मिड-सेममध्ये ३० पैकी ८ मिळालेल्या या विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका पाहिली, तर बेंडिंग मोमेंटच्या प्रश्नांत त्याचे आधारांवरचे रिअ‍ॅक्शनच चुकलेले असण्याची शक्यता बरीच असते, आणि ते सुधारले नाहीत तर पुढच्या सगळ्या पायऱ्या चुकतात. हे सांगायला मला पाच मिनिटे पुरतात, पण त्यासाठी त्याने उत्तरपत्रिका घेऊन केबिनमध्ये यावे लागते.