थायलंडच्या तीन वाऱ्या, तीन प्रकारचं नेट: रोमिंग पॅक, तिथलं सिम आणि ई-सिम यांचा खरा हिशोब

चाकणच्या ज्या कंपनीत मी आहे तिचा एक ग्राहक थायलंडमध्ये रायोंगला आहे. नवीन फिक्स्चर बसलं की ट्रायलसाठी आठवडाभर तिकडे जावं लागतं. २०२५ मध्ये फेब्रुवारी, जून आणि नोव्हेंबर अशा तीन वेळा गेलो. तिन्ही वेळा मुक्काम सात दिवसांचा, हॉटेल तेच, काम तेच, फोनही तोच. नेटचा बंदोबस्त मात्र दरवेळी वेगळा केला. मुद्दाम नाही, आधीच्या वेळचा राग म्हणून. पण त्यामुळे तिन्ही पर्याय एका मापाने मोजता आले, म्हणून हे लिहितोय. कंपनी फोनचं बिल एका मर्यादेपर्यंतच देते, वरचे पैसे आपले, त्यामुळे हिशोब अगदी मन लावून केला आहे.

फोनबद्दल एक गोष्ट आधी सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ तिच्याभोवती आहे. माझ्या आयफोनमध्ये एकच नॅनो सिम बसतं, दुसरी लाइन ई-सिमची, म्हणजे कार्डाशिवाय थेट फोनमध्ये भरायच्या सिमची. भारतातला नंबर पोस्टपेड आणि तो नॅनो सिमवर.

फेब्रुवारीत सरळ आपल्याच कंपनीचा रोमिंग पॅक घेतला. दहा दिवसांचा, ५ जीबी डेटा, थोडे कॉल. ॲपमध्ये किंमत दिसत होती ₹२,९९९. पोस्टपेडवाल्यांनी इथे लक्ष ठेवावं, हा आकडा जीएसटी सोडून होता. १८ टक्के धरून तो ₹३,५३९ झाला. सोय मात्र नाकारता येणार नाही. बँकॉकला विमानाची चाकं टेकली, फोन चालू केला, नेट सुरू. ओटीपी येत होते, आईचे फोन नेहमीच्या नंबरवर येत होते. सिमला हातसुद्धा लावला नाही.

अडचण दोन ठिकाणी आली. पहिली कॉलची. पॅकमधल्या मिनिटांत येणारे कॉलही मोजले जातात. थायलंडचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास. ऐन लाइनवर ट्रायल चालू असताना 'सर, प्रीअप्रूव्ह्ड लोन आहे' म्हणणारी बाई बोलायला लागली, की तिच्या गोड आवाजाचे पैसे आपण भरतोय हे कळायचं. दुसरी अडचण डेटाची. ट्रायलचे व्हिडिओ रोज संध्याकाळी चाकणला पाठवायचे असतात, आणि रात्री फोन गुपचूप फोटोंचा बॅकअप घेत होता ते माझ्या लक्षातच आलं नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी ५ जीबी संपले. नेट हळू झालं नाही, बंदच पडलं. सहाव्या दिवसासाठी एका दिवसाचा ₹६४९ चा पॅक घेतला, त्यावर परत जीएसटी, म्हणजे ₹७६६. सातवा दिवस हॉटेलच्या आणि विमानतळाच्या वायफायवर काढला. दोन्ही मिळून ₹४,३०५. दहा दिवसांच्या पॅकचे तीन दिवस न वापरता गेले ते वेगळंच.

जूनला ठरवलं, तिथलंच सिम घ्यायचं. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर सामान घेऊन बाहेर पडलं की तिथल्या मोबाइल कंपन्यांचे काउंटर ओळीने दिसतात. पासपोर्ट लागतोच, त्याशिवाय सिम नोंदवलं जात नाही. मी घेतलं ते आठ दिवसांचं टुरिस्ट सिम, ४४९ बात. काउंटरवरच्या मुलीने फोन हातात घेतला, पिनेने ट्रे काढला, थाई सिम बसवलं, भाषा बदलून सेटिंग केलं, फोन परत इंग्रजीवर आणला आणि माझं भारतातलं सिम एका पुठ्ठ्याच्या तुकड्यावर सेलोटेपने चिकटवून दिलं. सगळं मिळून चार मिनिटं. वेग झकास होता, डेटा संपायची भीती नव्हती आणि +६६ ने सुरू होणारा नंबर मिळाला. तो नंबर किती कामाचा असतो ते तिथे गेल्यावर कळतं. कारखान्याच्या गेटवरचा सिक्युरिटीवाला आणि न्यायला येणारा ड्रायव्हर, दोघेही भारतीय नंबरला फोन लावत नाहीत.

पैसे क्रेडिट कार्डने दिले. दर २.६५ च्या आसपास धरला तर ४४९ बातचे ₹१,१९० होतात. पण माझ्या कार्डावर परकी चलनाचा मार्कअप साडेतीन टक्के आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४.१३ टक्के. ते जमेस धरून ₹१,२३९. फेब्रुवारीच्या तुलनेत तीन हजार वाचले म्हणून मी खूश.

चौथ्या दिवशी काम लांबणार असं वाटायला लागलं आणि परतीचं तिकीट एक दिवस पुढे ढकलायचं ठरलं. बदलाचे पैसे कार्डने भरायचे, ओटीपी भारतातल्या नंबरवर येणार, आणि तो नंबर पाकिटात पुठ्ठ्याला चिकटलेला. हॉटेलच्या लॉबीत रिसेप्शनवरून स्टेपलरची पिन मागितली, ती सरळ करून ट्रे काढला, सिम बदललं. लॉबीचं वायफाय होतं, ओटीपी आला, पैसे गेले. (काम शेवटी वेळेत संपलं, म्हणजे तिकीट बदललं तेही फुकट. असो.) सिम पुन्हा बदलेपर्यंत दहाएक मिनिटं गेली असतील.

पुढच्या महिन्याचं बिल आलं तर त्यात एका दिवसाचा रोमिंग पॅक, ₹६४९ अधिक जीएसटी. मी तर घेतला नव्हता. कस्टमर केअरला फोन करून तासभर डोकं लावल्यावर उलगडा झाला. फेब्रुवारीत भारतातल्या लाइनचं Data Roaming मी चालू केलं होतं आणि परत आल्यावर बंद करायला विसरलो होतो. सिम फोनमध्ये गेल्यावर लॉबीतून लिफ्टपर्यंत चालताना वायफाय सुटलं, तेवढ्यात फोनने भारतातल्या सिमवरून नेट ओढलं, आणि कंपनीच्या नियमाप्रमाणे एक दिवसाचा पॅक आपोआप लागला. नियम ॲपमध्ये बारीक अक्षरांत होता, खोटं कशाला बोलू. म्हणजे जूनचा खर्च ₹१,२३९ आणि ₹७६६, मिळून ₹२,००५.

ही चूक माझीच, पण ज्यांच्या फोनमध्ये दोन नॅनो सिमची जागा आहे त्यांना ही वेळच येणार नाही. त्यांनी भारतातलं सिम जागेवर ठेवावं, फक्त त्याचा डेटा रोमिंग बंद ठेवावा. आणि हो, त्या काउंटरवर थाई कंपनीचं ई-सिमही मिळतं. मी जूनमध्ये विचारलंच नाही.

नोव्हेंबरला ई-सिम. निघायच्या दोन दिवस आधी घरी बसून घेतलं. फोनला ई-सिम चालतं का हे बघायला डायलरवर `*#06#` दाबायचं. जी यादी येते तिच्यात IMEI च्या जोडीला EID नावाचा लांबलचक आकडा असेल तर चालतं. १० जीबी, दहा दिवस, साडेनऊ डॉलर. डॉलर साडेअठ्ठ्याऐंशीला पडला, वर तोच ४.१३ टक्के मार्कअप, एकूण ₹८७५. मुदत कधीपासून मोजणार हे घ्यायच्या आधी वाचून घेतलं. माझ्या प्लॅनची मुदत तिथल्या नेटवर्कला पहिल्यांदा जोडल्यापासून होती. काहींची फोनमध्ये टाकल्यापासून सुरू होते, तसलं घरी टाकलं तर दोन दिवस घरीच जातात.

क्यूआर कोड बायकोच्या फोनवर उघडला आणि माझ्या फोनने स्कॅन केला. एकट्याने जाणाऱ्यांनी हे घरीच उरकावं. तो कोड ज्या फोनवर आलाय त्याच फोनच्या कॅमेऱ्याने कसा स्कॅन करणार, हा प्रश्न विमानतळावर पडू नये. नव्या लाइनला 'थाई' नाव दिलं, डेटा तिच्यावर ठेवला, कॉल-एसएमएससाठी भारतातली लाइन चालू ठेवली. तिचं Data Roaming बंद. शिवाय Allow Cellular Data Switching नावाचं बटण असतं, तेही बंद केलं. ते चालू असेल तर एका लाइनची रेंज ढिली पडल्यावर फोन दुसऱ्या लाइनवरून नेट ओढू शकतो, म्हणजे पुन्हा लॉबीची गोष्ट.

बँकॉकला उतरलो. थाई लाइनला चार काड्या रेंज, पण नेट शून्य. सामानाच्या पट्ट्यासमोर उभा राहून फोन दोनदा बंद-चालू केला. गंमत अशी, की जूनच्या धसक्याने मी दोन्ही लाइनचं Data Roaming बंद करून ठेवलं होतं. ई-सिमचं ते चालूच लागतं. कारण असलं प्रवासी ई-सिम बहुतेक वेळा थाई कंपनीचं नसतंच, दुसऱ्या कुठल्यातरी देशातल्या कंपनीचं असतं आणि थायलंडमध्ये तेही पाहुणंच असतं. नंतर आयपी तपासला तर फोन सिंगापूरमध्ये बसलेला दिसला. बटण चालू केलं, दहा सेकंदांत नेट आलं. सिंगापूरच्या वळशामुळे पानं किंचित उशिरा उघडतात असं वाटलं, पण व्हिडिओ मीटिंगला त्रास झाला नाही.

आठवड्यात ६.८ जीबी गेले. ओटीपी सगळे भारतातल्या नंबरवर आले, माझ्या कंपनीत रोमिंगवर आलेल्या एसएमएसचे पैसे लागत नाहीत. आलेला कॉल उचलला तर लागतात, म्हणून नाव बघायचं, कॉल वाजू द्यायचा आणि व्हॉट्सॲपवरून उलटा फोन करायचा. आईला हे दोन दिवस पटलं नाही. "उचलत का नाहीस रे? भांडण झालंय का कुणाशी?" पुढच्या बिलात रोमिंगचा एक रुपया नव्हता. म्हणजे ₹८७५ म्हणजे ₹८७५च.

एकच गोष्ट खटकली. या ई-सिमला नंबर नसतो, नुसता डेटा. ड्रायव्हरशी LINE नावाच्या मेसेजिंग ॲपवर बोललो, थायलंडमध्ये ते जवळपास सगळ्यांकडे असतं. पण गेटवरच्या फोनला काही उपाय नव्हता, दोनदा आतल्या माणसाला मेसेज टाकून उन्हात थांबावं लागलं. तिथे रोज स्थानिक फोन करावे लागणार असतील तर मी आजही थाई सिमचे साडेतीनशे रुपये जास्त देईन, फक्त भारतातली लाइन चालू ठेवायची सोय आधी करून. भारतातलं नॅनो सिम ई-सिममध्ये बदलून घेता येतं, तसं केलं तर नॅनोची जागा मोकळी होते. रोमिंग पॅक मी फक्त एक-दोन दिवसांच्या फेरीला घेईन, तिथे दिवसाला ₹७६६ देऊन सेटिंगची कटकट वाचते.

आता मे महिन्यात आई-बाबांना घेऊन बँकॉकला जायचंय. बाबांच्या फोनवर `*#06#` दाबून पाहिलं, EID ची ओळ आली नाही. पण त्यांच्या फोनला सिमच्या दोन जागा आहेत आणि दुसरी रिकामी. बाबांना काउंटरवरचं ४४९ बातवालं सिम, मला ई-सिम, आणि आई माझ्या हॉटस्पॉटवर. निघण्याआधी तिघांच्या भारतातल्या सिमचं Data Roaming मी स्वतः बघणार आहे.