कोसा साडीच्या छायाचित्रांतील डाग आणि सुटे धागे: गिम्पच्या वापरानंतरचा अनुभव

मोहाडी तालुक्यातील विणकरांच्या करवतकाठी कोसा साड्यांची विक्रीसाठीची छायाचित्रे मी गेले काही महिने गिम्प या मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्वच्छ करीत आहे. कोशाचे सूत मुळातच असमान असल्यामुळे ब्रश जरा सरसकट फिरला, तरी तेवढा भाग गुळगुळीत होतो आणि साडी पॉलिस्टरची वाटू लागते. डागांसाठी मला Filters > Enhance > Wavelet-decompose हाच पर्याय भरवशाचा वाटला.

हा पर्याय छायाचित्राचे थर पाडतो. Scale 1 मध्ये सर्वांत बारीक तपशील, पुढच्या थरांत क्रमाने ठळक तपशील आणि Residual मध्ये केवळ रंग व सावल्यांचे मोठे पट्टे राहतात. एका बदामी साडीच्या पदरावर चहाचा डाग होता, छायाचित्रात सुमारे १५० पिक्सेल रुंद. एकेक सूत मात्र सहाएक पिक्सेलांचे. पाच थर पाडल्यावर वीण वरच्या बारीक थरांत राहिली आणि डाग बहुतांशी Residual मध्ये उतरला. तेथे मऊ कडांच्या क्लोन ब्रशने त्याच घडीवरचा, तितकाच उजेड असलेला रंग आणला. डाग गेला, परंतु फिकट कडे उरले. चहाच्या डागाची कडा गडद आणि अरुंद असल्यामुळे ती Scale 5 मध्ये राहिली होती. त्या थरावरही शेजारचा स्वच्छ भाग क्लोन केल्यावर ती गेली. (साडी नमुन्याची होती. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या साडीवरच डाग असेल, तर तो छायाचित्रातून पुसणे मला फसवणूक वाटते.)

सुट्या धाग्यांसाठी ही पद्धत निरुपयोगी आहे, कारण बारीक धागा अनेक थरांत विखुरतो. त्यासाठी Layer > New from Visible करून एकसंध थरावर साधे क्लोन वापरावे आणि नमुना त्याच बाण्याच्या ओळीतून असा घ्यावा की वर आलेल्या सुतावर वर आलेलेच सूत बसेल. एका सुताची चूक झाली, तरी १०० टक्के आकारात विणीची ओळ तुटलेली स्पष्ट दिसते. काठाजवळ हील टूल टाळावे. ते काठाचा गडद रंग अंगात ओढून आणते.

काय काढावे, याचा निर्णय अधिक अवघड आहे. कोशाच्या सुतातली गाठ सुताच्याच दिशेने जाते आणि आडव्या सुताखाली लपते, तर कापसाचा तंतू दोन्ही सुतांना वरून ओलांडतो आणि खाली बारीक सावली टाकतो. पहिली राहू द्यावी. हाताने काढलेल्या सुताची तीच खूण असते.

प्रत्येक थर मूळ छायाचित्राएवढाच असल्यामुळे कमी मेमरीचा लॅपटॉप अडकतो. मी डागाभोवतीचा चौकोन वेगळ्या फाइलमध्ये घेतो, तेथे काम करतो आणि नंतर मूळ जागी चिकटवतो.