ट्रिपचं भाडं की टन-किलोमीटरचा दर? गाडीचा करार करण्याआधीचा हिशेब

कोल्हापुरातून गूळ पाठवणाऱ्या एखाद्या व्यापाऱ्याकडे हंगामाच्या तोंडावर दोन ट्रान्सपोर्टवाल्यांचे भाव येतात. एक म्हणतो, पुण्याचे इतके, अहमदाबादचे इतके, गाडीमागे ठोक. दुसरा म्हणतो, टन-किलोमीटरला चार रुपये, माल कुठेही पाठवा. दुसरा भाव ऐकायला सोपा, तुलनेलाही सोपा. पण तो कोणाला परवडतो, हे मालाच्या वजनावर आणि अंतरावर ठरतं.

एक टन माल एक किलोमीटर नेला की एक टन-किलोमीटर. 18 टन गूळ 230 किलोमीटरवर पुण्याला गेला तर 4,140, आणि साधारण 900 किलोमीटरवर अहमदाबादला गेला तर 16,200. गुणाकार इतकाच आहे. मात्र गाडीमालकाचा खर्च या गुणाकाराप्रमाणे वाढत नाही.

दहा टायरची गाडी घेऊ. 2018 च्या नियमानुसार तिचं मालासकट वजन 28.5 टनांपर्यंत चालतं, म्हणजे गाडीचं स्वतःचं वजन वजा करून 18-19 टन माल बसतो. पुढचे खर्चाचे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत, तुम्ही आपल्या मार्गाचे घाला. गाडी उभी असली तरी हप्ता, विमा, परमिट, ड्रायव्हरचा पगार मिळून दिवसाला 5,000 रुपये लागतात. भरायला एक दिवस, उतरवायला एक दिवस, म्हणजे चाक न फिरताच 10,000 गेले. पुढे रस्त्यावर डिझेल, टायर, देखभाल, टोल धरून किलोमीटरला 35 रुपये. त्यात चालू दिवसांचा तोच 5,000 चा खर्च किलोमीटरवर वाटला की साधारण 50 होतात.

पुणे: 10,000 अधिक 11,500, एकूण 21,500. टन-किलोमीटरला 5.19 रुपये पडले. अहमदाबाद: 10,000 अधिक 45,000, एकूण 55,000. टन-किलोमीटरला 3.40. माल तोच, गाडी तीच. भरणं-उतरवणं दोन्हीकडे तेवढंच, पण लांबच्या खेपेत ते जास्त किलोमीटरवर पसरतं, म्हणून दर उतरतो. रेल्वेच्या भाड्याच्या तक्त्यातही हेच आहे. अंतराचा टप्पा वाढेल तसा टन-किलोमीटरचा दर कमी होतो, आणि शंभर किलोमीटरच्या आतलं अंतर शंभरच धरलं जातं. (रेल्वे इथे फक्त दाखल्यापुरती. पूर्ण रेक म्हणजे अख्खी मालगाडी, दोन हजार टनांच्या वर माल, गुळाच्या व्यापाऱ्याचं ते काम नाही.)

आता तीन भाव शेजारी ठेवू. तिसरा कोणी सहसा आपणहून देत नाही, मागून घ्यावा लागतो: गाडीमागे ठोक 10,000 आणि वर टन-किलोमीटरला 2.78, म्हणजे किलोमीटरचे 50 रुपये भागिले 18 टन.

| खेप | ट्रिप | सरसकट 4 रुपये | ठोक + 2.78 |
|---|---|---|---|
| पुणे, 18 टन | 21,500 | 16,560 | 21,500 |
| अहमदाबाद, 18 टन | 55,000 | 64,800 | 55,000 |
| अहमदाबाद, 10 टन | 55,000 | 36,000 | 35,000 |

सरसकट चार रुपयांत पुण्याच्या खेपेत ट्रान्सपोर्टवाल्याचे जवळजवळ पाच हजार जातात आणि अहमदाबादच्या खेपेत तुमचे दहा हजार. तो बोलून दाखवणार नाही. हंगामात फोन केला की अहमदाबादची गाडी दुपारीच दारात येते आणि पुण्याची 'उद्या लावतो' म्हणून तीन दिवस लागत नाही. असं दिसलं की समजावं, दर जवळच्या अंतराला पुरत नाही. ज्याचा माल फक्त पुण्या-साताऱ्याला जातो त्याला हा दर कागदावर स्वस्त वाटेल, पण त्याला गाड्याच मिळणार नाहीत.

तिसरी ओळ नीट पाहा. 10 टन मालाला टन-किलोमीटरवर 36,000 होतात, पण गाडीचा खर्च काही 55,000 वरून तेवढा खाली येत नाही. अर्धी रिकामी गाडीही टोल तितकाच भरते. म्हणून अशा करारात बारीक अक्षरात एक ओळ असतेच: 'किमान वजन 16 टन धरले जाईल.' मग 10 टन पाठवूनही बिल 57,600 चं येतं, ट्रिपपेक्षा महाग. ठोक + 2.78 मध्येही ही अट असेल, पण तिथे 50,000 च्या आसपास थांबतं. दर विचारण्याआधी किमान वजन विचारा. ज्याचा माल कधी 9 टन, कधी 17 टन असा निघतो त्याच्यासाठी दरापेक्षा ही ओळ महत्त्वाची.

उलट, वाटेत माल उतरवायचा असेल तर टन-किलोमीटरचा फायदा खरा आहे, फक्त हिशेब कसा धरतात ते पाहिलं पाहिजे. 18 टन भरले, 6 टन पुण्यात उतरले, 12 टन पुढे 670 किलोमीटर अहमदाबादला गेले. बरोबर हिशेब तुकड्यातुकड्याने: 18 गुणिले 230 अधिक 12 गुणिले 670, म्हणजे 12,180. पण बिल करणारा पुष्कळदा एकूण वजन गुणिले एकूण अंतर करतो आणि 16,200 लावतो. चार रुपयांनी फरक 16,000 च्या वर जातो. महिन्याच्या बिलात सगळे टन एकत्र, सगळे किलोमीटर एकत्र करून गुणलेले दिसले तर तो आकडा मुळातच चुकीचा आहे. प्रत्येक खेपेचा गुणाकार वेगळा करून मग बेरीज करायची. पुण्यातल्या थांब्याचे वेगळे पैसे तो मागेल, ते रास्त आहेत. गाडी तिथे अर्धा दिवस अडकतेच.

किलोमीटर कोणाचे, हेही आधी ठरवा. नकाशातलं अंतर, गाडीच्या मीटरचं अंतर आणि मोठ्या शहरात दिवसा जड गाडीला बंदी म्हणून घातलेला वळसा, तिन्ही वेगळी असतात. प्रत्येक ठिकाणाचं अंतर करारालाच तक्ता करून जोडलं की वाद उरत नाही. वजन काट्याच्या पावतीचं, आणि तेही पेट्यांसकट की निव्वळ, हे लिहून घ्या. हमाली आणि वाराई दरात आहे की बाहेर, हेही. हलका, फुगीर माल असेल, कुरमुरे किंवा प्लॅस्टिकच्या बादल्या, तर टन-किलोमीटरचा विचारच सोडा. तिथे गाडी आधी जागेने भरते, ट्रिपचं भाडंच बरं.

परतीच्या मालाचा प्रश्न तिन्ही भावांत दडलेला असतो. वरचा हिशेब अहमदाबादहून गाडीला परतीचं भाडं मिळतं असं धरून आहे. रिकामी यायची असेल तर किलोमीटरला 40 धरले तरी आणखी 36,000 कोणाच्या तरी माथी बसतात. म्हणून त्याच अंतराचे दोन दिशांचे भाव सारखे नसतात, आणि एकच दर दोन्हीकडे लावणाऱ्याने तो बहुधा महागातल्या दिशेवरून काढलेला असतो.

माझं मत विचाराल तर: दोन-तीन ठरलेली ठिकाणं आणि गाडी नेहमी पूर्ण, तर ट्रिपचंच भाडं घ्या, डोकं शांत राहतं. ठिकाणं दहा-बारा, वजन कमीजास्त आणि करार वर्षाचा, तर ठोक अधिक टन-किलोमीटर. सरसकट एकच दर तेव्हाच, जेव्हा सगळी ठिकाणं साधारण एकाच अंतरावर आहेत.

वर्षाचा करार असला की डिझेलचं कलम येणार. ते सहसा असं असतं: डिझेल जितके टक्के वाढेल तितके टक्के दर वाढेल. हे मान्य करू नका. भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटर जाते आणि डिझेल 90 रुपये धरलं तर किलोमीटरला साडेबावीस. अहमदाबादच्या 55,000 मध्ये डिझेल 20,250, म्हणजे 37 टक्के. पुण्याच्या 21,500 मध्ये 24 टक्केच. डिझेल 10 टक्क्यांनी चढलं तर अहमदाबादचं भाडं पावणेचार टक्क्यांच्या आत वाढावं, पुण्याचं अडीच टक्क्यांच्या आत. ठोक 10,000 ला डिझेलचं कलम लागूच करू द्यायचं नाही, ते फक्त 2.78 ला लावायचं. त्या 2.78 मध्येही डिझेलचा वाटा 45 टक्के, तेवढाच.