शून्य कमिशनवाल्या पावतीत दडलेले तेवीस हजार

परदेशी फी पाठवताना 'शून्य कमिशन' अशी पाटी दिसली, की पाटीकडे नको, पावतीवरच्या दराकडे बघा. ताईच्या मुलाची फी फोर्टमधल्या एका फॉरेक्स कंपनीमार्फत इंग्लंडला गेली. नंतर विद्यापीठाची मेल आली, की २२ पौंड कमी आलेत, ते भरा. मी हिशेबाच्या कामातला माणूस, म्हणून ताईने कागद माझ्याकडे मुलुंडहून पाठवून दिले. वाचायला घेतले तेव्हा कळलं, ते २२ पौंड म्हणजे सगळ्यात लहान रक्कम होती.

पावतीवर असं होतं: ६,००० पौंड, दर ११७.३५, म्हणजे ७,०४,१०० रुपये. कमिशन शून्य. चलन बदलण्यावरचा जीएसटी ७२३.६९. 'फुल व्हॅल्यू चार्ज' १,५०० आणि त्यावर जीएसटी २७०. एकूण ७,०६,५९३.६९ रुपये. रक्कम वर्षाच्या १० लाखांच्या मर्यादेत असल्यामुळे टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना आधीच वसूल होणारा आयकर, नव्हता.

पहिलं काम म्हणजे त्या दिवसाचा संदर्भ दर काढणं. डॉलर, पौंड, युरो आणि येन यांचे दर एफबीआयएल ही बाजाराचे संदर्भ दर काढणारी संस्था कामाच्या दिवशी दुपारी जाहीर करते, ते कुणालाही बघता येतात. त्या दिवशी पौंड ११४.२० होता. आपल्याला ११७.३५ लावला, म्हणजे पौंडामागे ३.१५ रुपये जास्त. गुणिले सहा हजार, १८,९०० रुपये! कमिशन शून्यच होतं, फक्त ते दरात शिरलं होतं. संदर्भ दराला चलन कुणालाच मिळत नाही, थोडं मार्जिन सगळेच घेतात. पण हे पावणेतीन टक्क्यांच्या वर गेलं होतं, आणि पावतीवर त्याची ओळच नाही.

जीएसटीची ओळ मात्र बरोबर निघाली. हा कर पूर्ण रकमेवर लागत नाही. एक लाख ते दहा लाखांच्या मधल्या व्यवहारात १,००० रुपये अधिक एक लाखावरच्या रकमेचा अर्धा टक्का, इतकीच करपात्र किंमत धरतात आणि तिच्यावर १८ टक्के. आपल्या बाबतीत किंमत ४,०२०.५०, कर ७२३.६९. एवढ्या रकमेला 'टॅक्स' म्हणून कुणी तीन-चार हजार लावले, तर फोड मागा. त्यात दुसरं काहीतरी मिसळलेलं असतं.

खरी लबाडी पुढे होती. फुल व्हॅल्यू चार्ज कशाचा? तर वाटेतल्या बँकांचा खर्च पाठवणाऱ्याने आधीच भरायचा आणि तिकडे पूर्ण ६,००० पोहोचवायचे, याचा. मग २२ पौंड कुठे गेले? ताईने काउंटरवर फोन केला, तर "मॅडम, ते तिकडची बँक कापते, आमच्या हातात नसतं," असं उत्तर. मी तिला स्विफ्ट कॉपी, म्हणजे पैसे पाठवताना बँकेने पुढच्या बँकेला टाकलेल्या संदेशाची प्रत, मागायला सांगितली. आधी पावतीच पुन्हा पाठवली, मग तगाद्यानंतर खरी कॉपी आली. त्यात या दोन ओळी:

```
:33B:GBP6000,
:71A:SHA
```

`71A` म्हणजे खर्च कोणाच्या माथी. `OUR` असेल तर पाठवणाऱ्याच्या, `SHA` असेल तर दोघांत वाटलेला, आणि मग वाटेतली बँक रकमेतूनच आपला हिस्सा कापून घेते. नव्या नमुन्यातल्या संदेशात याच जागी `DEBT` किंवा `SHAR` दिसेल. म्हणजे पैसे घेतले `OUR`चे आणि संदेश टाकला `SHA`चा. निघतानाच्या कॉपीवर रक्कम पूर्ण सहा हजारच दिसते, कारण कात्री नंतर लागते. म्हणून नुसती रक्कम बघून समाधान मानू नका.

शेवटी मी एकच भागाकार केला. खात्यातून गेलेले ७,०६,५९३.६९ भागिले तिकडे पोहोचलेले ५,९७८. उत्तर जवळपास ११८.२०. हा आपला खरा दर. दोन कंपन्यांची तुलना करायची तर याच आकड्याने करा, भाव विचारताना "एकूण किती कापणार आणि तिकडे नक्की किती पोहोचणार" एवढं लेखी घ्या. संदर्भ दराने ५,९७८ पौंडांचे ६,८२,६८८ रुपये होतात, म्हणजे कर धरून जवळपास २३,९०० रुपये वर गेले. त्यात सरकारचा कर हजाराच्या आतच.

ताईने `71A`च्या ओळीवर खूण करून लेखी तक्रार दिली. १,७७० रुपये आणि २२ पौंडांचे पैसे परत आले, फारशी खळखळ न करता. दरातले १८,९०० नाही आले. अर्जावर ११७.३५ छापलेला होता आणि खाली तिची सही होती, त्यामुळे तिथे बोलायला जागा नव्हती.