कमोडमधली पिवळी रेघ: ब्लीच आणि ॲसिड या दोन्ही क्लीनरच्या वापरानंतरचा अनुभव

भाड्याचे घर सोडायची वेळ आली तेव्हा घरमालकांनी कमोडमध्ये डोकावून, ‘हे भांडे आता बदलावेच लागेल आणि खर्च डिपॉझिटमधून वळता होईल’ असे जाहीर केले. नवे कमोड, प्लंबरची मजुरी आणि फुटणाऱ्या टाइल्स यांचा हिशेब मनातल्या मनात मांडल्यावर, ज्या विषयाकडे मी आजवर दुकानातल्या सवलतीच्या फलकापलीकडे पाहिले नव्हते, त्याकडे बारकाईने पाहणे भाग पडले.

आमचे घर पुण्याच्या वेशीवरचे आहे आणि पाणी बोअरचे, उन्हाळ्यात टँकरचे. गीझरच्या कॉइलवर आणि बादलीच्या कडेवर बसणारा पांढरा क्षार ज्यांच्या घरी असतो, त्यांना हे पाणी वेगळे समजावून सांगायला नको. कमोडमध्ये पाणी जिथे स्थिर उभे राहते, तिथे हाच क्षार लघवीतल्या क्षारांसह थरावर थर बसत जातो आणि मग त्यात मळ मुरून तो पिवळा-तपकिरी दिसू लागतो.

बरेच महिने मी ब्लीचवाला क्लीनर वापरत होतो, कारण तो एकावर एक मिळत होता आणि त्याचा परिणाम लगेच दिसत असे. रात्री टाकला की सकाळी भांडे पांढरे होई, वासही जाई. मात्र आठवड्याभरात रेघ पुन्हा त्याच जागी, त्याच जाडीची उगवत असे. कारण साधे आहे. ब्लीच, म्हणजे सोडिअम हायपोक्लोराइट, डागातला रंग उडवते आणि जंतू मारते, पण क्षाराचा दगडासारखा थर विरघळवत नाही. थर जागच्या जागी राहतो, फक्त काही दिवस पांढरा दिसतो, आणि खरखरीत असल्यामुळे नवा मळ त्याला चटकन धरतो. पाण्यात लोह असेल तर प्रकरण आणखी बिघडते, कारण ब्लीचमुळे त्या लोहाचा गंज होऊन टाकीच्या पाण्याच्या वाटेवर तांबूस ओघळ पक्के होतात.

डाग कोणत्या जातीचा आहे हे ओळखणे अवघड नाही. हातमोजा घालून बोट फिरवावे. खरखर लागली तर तो क्षाराचा थर आहे आणि तिथे ॲसिडच हवे. बुळबुळीत लागले किंवा काळपट बुरशी दिसली, तर ब्लीचचे काम आहे. बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत ‘हायड्रोक्लोरिक ॲसिड’ आहे की ‘सोडिअम हायपोक्लोराइट’, एवढे वाचले की पुढच्या बाजूवरच्या चमकदार चित्रांकडे पाहण्याची गरज उरत नाही.

घरमालकांच्या त्या भेटीनंतर मी ॲसिडवाला क्लीनर आणला आणि पहिल्याच वापरात निराश झालो, कारण रेघ जेमतेम फिकट झाली. दोष ॲसिडचा नव्हता. कमोडच्या वळणात लिटर-दीड लिटर पाणी उभे असते, आणि रेघ नेमकी त्या पाण्याच्या पातळीवर असते. वरून ओतलेले जेल घसरत पाण्यात उतरते आणि पातळ होऊन निष्प्रभ ठरते. शिवाय त्याची ताकद मोजकी असते. साधारण दहा टक्क्यांचे १०० मिलिलिटर जेल, एक थेंबही वाया न जाता, फार तर १४ ग्रॅम चुन्याचा थर विरघळवू शकते. वर्षानुवर्षांचा थर एका रात्रीत जाईल ही अपेक्षाच चुकीची.

म्हणून आधी एक बादली पाणी जोरात ओतले की वळणातले बरेचसे पाणी ओढले जाऊन पातळी खाली जाते. उरलेले पाणी ब्रशने पुढे ढकलावे, रेघ उघडी करावी, टिश्यू पेपरच्या पट्ट्या तिच्यावर चिकटवाव्यात आणि त्यांवर जेल सोडावे, म्हणजे ते जागेवर टिकते. बारीक बुडबुडे उठू लागले की चुना विरघळतो आहे असे समजावे. अर्ध्या तासाने पट्ट्या काढून कचऱ्यात टाकाव्यात, ब्रश फिरवून भरपूर पाणी सोडावे, आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा तेच करावे. आमची रेघ काही फेऱ्यांत गेली. तारेचा ब्रश मात्र वापरू नये, कारण कमोडच्या चकाकीला ॲसिडने फारसे काही होत नाही, पण तारेने ओरखडे पडतात आणि पुढचा थर त्यांतच रुजतो. लादीवर, संगमरवरावर आणि टाइल्सच्या सांध्यांतल्या सिमेंटवर ॲसिड सांडू देऊ नये. त्याच्या वाफेने नळाचे पॉलिशही काळवंडते. हातगाडीवर पाण्याच्या बाटलीतून विकले जाणारे सुटे ॲसिड तर घरात आणूच नये. ते कितीतरी तीव्र असते आणि त्या बाटलीवर लेबलही नसते.

आता माझी मुख्य तक्रार. या बाटल्यांची मान वाकडी असते, आणि तळाशी दोन-तीन चमचे द्रव असा अडकतो की बाटली कितीही उलटी धरली तरी बाहेर येत नाही. पूर्ण पैसे मोजून दर बाटलीमागे एवढा माल फुकट का घालवावा, हा प्रश्न मला अजूनही छळतो. परंतु या कंजूषपणातून जी युक्ती सहज सुचते, म्हणजे उरलेला द्रव दुसऱ्या बाटलीत ओतणे, ती जिवावर बेतू शकते. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाटलीत तो दाबाने साठतो.

लहान बाथरूममध्ये याचा अर्थ काय, हे हिशेबाने पाहावे. आमचे बाथरूम चार फूट बाय चार फूट आहे आणि वर माळा असल्यामुळे उंची सात फूट, म्हणजे आत सुमारे ३,२०० लिटर हवा मावते. चार टक्क्यांचे फक्त ५० मिलिलिटर ब्लीच ॲसिडमध्ये पूर्ण मिसळले, तर साधारण ०.६५ लिटर क्लोरीन तयार होतो, म्हणजे दहा लाख भागांत सुमारे २०० भाग. तत्काळ धोकादायक मानलेली मर्यादा १० भागांची आहे. यातला दहावा हिस्सा जरी हवेत आला तरी ती मर्यादा ओलांडली जाते. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचतो, आणि कमोड घासणारा माणूस वाकलेलाच असतो. उग्र, पोहण्याच्या तलावासारखा वास येऊन डोळे चुरचुरले, तर आणखी पाणी ओतत उभे न राहता बाहेर पडावे, घरच्या खिडक्या उघडाव्यात आणि वास पूर्ण गेल्यावरच आत जावे.

त्यामुळे घरकामाला येणाऱ्या मावशींना मी दोन्ही बाटल्या एकाच कोनाड्यात ठेवू देत नाही. ॲसिडचा दिवस वेगळा, ब्लीचचा वेगळा, मध्ये बऱ्याच वेळा फ्लश, एक्झॉस्ट चालू आणि दार उघडे. ब्लीच टाकण्यापूर्वीही फ्लश करावाच लागतो, कारण लघवीतल्या अमोनियाशीही त्याची घातक वाफ होते.

ब्लीचबद्दलचे माझे मत मध्यंतरी फारच खाली गेले होते, ते पावसाळ्यात थोडे सुधारले. टाइल्सच्या सांध्यांतली काळी बुरशी त्यानेच गेली. तिथे ॲसिडने सिमेंट खाल्ले असते. फक्त त्याचा मोठा साठा करू नये, कारण उष्णतेत आणि उजेडात ब्लीचची ताकद महिन्यागणिक उतरते. एकावर एकच्या सवलतीतली माझी दुसरी बाटली अशीच निस्तेज निघाली. यापुढे ॲसिडची मोठी बाटली आणि ब्लीचची सर्वांत छोटी, एवढीच खरेदी. घरमालकांनी पुन्हा येऊन पाहिले, डिपॉझिटमधून कमोडचा खर्च वगळला, आणि मग दाराच्या कडीकडे बोट दाखवले.