बाळाच्या नाकावरचे दाणे, गालावरच्या पुळ्या, टाळूवरची खपली: कशाला हात लावायचा आणि कशाला नाही

माझ्या भाचीचं बाळंतपण एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात चोपड्याला, माहेरी झालं. मी नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स, त्यामुळे पुढचे तीन महिने माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर एकाच चेहऱ्याचे फोटो येत राहिले. दुसऱ्या दिवशी नाकावर पांढरे ठिपके होते, एकोणिसाव्या दिवशी गालावर लाल पुळ्या आल्या, महिना उलटल्यावर टाळूवर पिवळट खपली धरली. प्रत्येक फोटोखाली प्रश्न तोच: मावशी, काय लावू?

उत्तर आधीच सांगते. ठिपक्यांना काही नाही, पुळ्यांनाही काही नाही. खपलीलाही औषध लागत नाही, पण ती डोळ्यांना खुपत असेल तर मऊ करून काढता येते. तिन्हींमध्ये फरक ओळखायला फोटोपेक्षा तारीख जास्त उपयोगी पडते, म्हणून मी आधी विचारते, 'कितव्या दिवशी दिसलं?'

पांढरे ठिपके, म्हणजे मिलिया, बहुधा जन्मतःच असतात. साधारण निम्म्या बाळांना ते दिसतात. नाकावर, गालावर, हनुवटीवर एक-दोन मिलिमीटरचे, मोत्यासारखे, आणि मुख्य म्हणजे भोवती अजिबात लाली नाही. बोट फिरवलं तर कातडीखाली रव्याचा कण असल्यासारखं लागतं. ओल्या कापडाने पुसून गेलं तर ते दूध होतं, मिलिया नव्हे. आत पू नसतो. कातडीचाच मृत थर, केराटिन, बारीकशा पिशवीत अडकलेला असतो. कातडी वाढेल तशी पिशवी आपोआप उघडते आणि बहुतेक दाणे काही आठवड्यांत, क्वचित तीन महिन्यांपर्यंत, जातात. असेच पांढरे दाणे कधीकधी हिरडीवर किंवा टाळ्यावर दिसतात आणि घरात 'बाळ दात घेऊन आलं' अशी कुजबुज सुरू होते. तेही याच जातीचे, आणि तेही आपोआप जातात.

हे दाणे दाबून काढायचा मोह फार होतो. आंघोळ घालणाऱ्या बाईने चिमटीत धरलेले दाणे मी पाहिलेत. दाबलं तर आतून काही निघत नाही, कातडी मात्र सोलते आणि तिथे खरंच जंतू शिरायला वाट होते. बेसनाने घासणं, सायीत हळद कालवून चोळणं यांचंही तेच.

पुळ्यांची गोष्ट वेगळी. त्या जन्मतः नसतात; दुसऱ्या ते चौथ्या आठवड्याच्या सुमारास उगवतात, म्हणजे घरातले सगळे निर्धास्त झालेले असतात नेमकं तेव्हा. गाल, कपाळ, कधी मानेपर्यंत लाल फोड, काहींच्या टोकाला पिवळट पू. बाळ रडलं की लाल होतात, झोपलं की फिक्या पडतात. सकाळच्या आणि संध्याकाळच्या फोटोत दोन वेगळी बाळं वाटावीत इतका फरक. आईकडून आलेल्या संप्रेरकांमुळे बाळाच्या तैलग्रंथी काही आठवडे जोरात असतात. त्या तेलावर मॅलॅसेझिया नावाची यीस्ट पोसते. ती आपल्या सगळ्यांच्या अंगावर असतेच, बाळाची कातडी तिच्यावर चिडते एवढंच. तीन-चार महिन्यांत या पुळ्या जातात आणि डागही राहत नाही.

आमच्याकडे याचं खापर आईच्या ताटावर फुटतं. बाळंतिणीने शेवभाजी खाल्ली, काळ्या मसाल्याची उष्णता दुधातून उतरली, असं म्हणून तिला आठवडाभर फिक्क्या वरणावर ठेवतात. पुळ्यांचा त्या भाजीशी संबंध नाही. दूध तोडणं किंवा बाळाला वरचं पाणी पाजणं हे तर सरळ नुकसान.

भाचीच्या घरी मात्र ताटाऐवजी ट्यूब आली. बाविसाव्या दिवशी सासरचं कुणीतरी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मलम घेऊन आलं. मी वेष्टनाचा फोटो मागवला. एकाच ट्यूबमध्ये स्टिरॉइड, बुरशीवरचं औषध आणि अँटिबायोटिक. तीन दिवस लावलं आणि गाल खरंच साफ झाला, म्हणून सगळे खूश. चौथ्या दिवशी लावायचं राहिलं आणि पुळ्या आधीपेक्षा लालभडक होऊन आल्या. स्टिरॉइडची खोड हीच: लाली दाबतं, कारण तसंच ठेवतं, आणि बंद केलं की उसळतं. मग माणूस पुन्हा लावतो. बाळाची कातडी पातळ, आणि वजनाच्या मानाने तिचं क्षेत्रफळ मोठं, त्यामुळे जोरकस स्टिरॉइड रक्तातही उतरतं. तीनच दिवस झाले होते, म्हणून निभावलं. ट्यूब बंद, दिवसातून एकदा साध्या कोमट पाण्याने तोंड धुवायचं आणि टिपून कोरडं करायचं, एवढंच मी सांगितलं. आठवडाभरात उसळी बसली. मूळच्या पुळ्या अर्थातच आपल्या वेळेनेच गेल्या.

आपल्याकडच्या मे महिन्यात आणखी एक घोळ होतो. जळगाव-भुसावळकडे पारा चव्वेचाळीसच्या वर जातो आणि बाळ मात्र टोपडं, झबलं आणि दुपट्यात. 'हवा लागेल' म्हणून खोलीचं दारही बंद. मग घामोळं उठतं आणि त्यालाच पुळ्या समजतात. घामोळं शक्यतो मानेच्या वळ्यांत, काखेत, टोपड्याच्या कडेखाली कपाळावर येतं. फोड बारीक, एकसारखे, दाट. टोपडं काढा, एकच सुती झबलं ठेवा, दार उघडा, कूलर चालू ठेवा पण त्याचा झोत बाळावर नको. एक-दोन दिवसांत उतरलं तर ते घामोळंच होतं. पुळ्या असल्या तर गारव्याने फिक्या पडतील, जाणार नाहीत. पावडर दोन्हीकडे नको. ती वळ्यांत घट्ट बसते आणि श्वासावाटे फुप्फुसातही जाते.

आता खपली. पस्तिसाव्या दिवशी बहिणीकडे कुरडयांचा घाट होता. बहिणीच्या सासूबाई, म्हणजे बाळाच्या पणजी, चिकाचे हात तसेच घेऊन टोपडं वर करून बघत होत्या. 'हाई काय शे वं?' त्यांनी व्हिडिओ कॉलवर मला विचारलं. ताटात राहिलेला चीक वाळून जशी पिवळी पापडी धरतो, तशी टाळूवर धरली होती. थोडी भुवयांत, थोडी कानामागे. तेलकट, चिकट, आणि बाळाला खाज अजिबात नाही. ही दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत कधीही सुरू होते आणि तिघांत सर्वांत उशिरा, सहा महिने ते वर्षभरात, पूर्ण जाते. मूळ पुळ्यांसारखंच, जास्तीचं तेल आणि तीच यीस्ट. मळ नव्हे, संसर्गही नव्हे.

टाळूवरच ती सर्वांत जाड का, याचं एक साधं कारण घरातच असतं. तिथे मऊ लागतं, खाली हाड नाही, म्हणून धुताना हात तिथून उचलला जातो. वर रोज टाळू भरून तेल मुरवायचं आणि तसंच ठेवायचं. तेल बसतं, खवले चिकटतात, पुन्हा तेल. टाळूवरचं आवरण जाड आणि चिवट असतं, बोटांनी हलकं धुतल्याने काही होत नाही.

काढायची असेल तर पद्धत अशी. आंघोळीच्या वीस-तीस मिनिटं आधी चमचाभर खोबरेल किंवा पातळ पॅराफिन फक्त खपलीवर लावायचं. मग बाळाच्या मऊ ब्रशने किंवा सुती फडक्याने एकाच दिशेने हळू फिरवायचं आणि सौम्य शाम्पूने तेल पूर्ण धुऊन टाकायचं. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. सुटेल तेवढीच काढायची. नखाने उचकटली की रक्त येतं. खवल्याबरोबर केस आले तर घाबरू नका, ते पुन्हा उगवतात. आपल्याकडे घरोघरी हाताशी असतं ते शेंगदाण्याचं तेल, पण ते इथे नको. चिडलेल्या कातडीवर शेंगदाणा लावल्याने पुढे त्याची अ‍ॅलर्जी जडण्याचा धोका मानतात.

आणि इथेच दोन्ही गोष्टी एकमेकींत अडकतात. खपलीला चालणारं तेल पुळ्यांना चालत नाही. टाळूवर ओतलेलं तेल कपाळावर ओघळतं, तोंडाला मालिश करताना गालावर पसरतं, आणि पुळ्या वाढतात. भाचीच्या बाळाच्या कपाळावरच्या पुळ्या गालांपेक्षा हट्टी होत्या, त्या यामुळेच असाव्यात असं माझं मत. मी अंगाची मालिश चालू ठेवायला सांगितली, तोंड मात्र वगळून, आणि टाळूला तेल लावताना कपाळाला घडी केलेलं फडकं आडवं धरायला. पणजींना ते फारसं पटलं नाही, पण फडकं धरलं.

डॉक्टरांना कधी दाखवायचं, यासाठी लसीच्या तारखा सोयीच्या पडतात. दीड महिन्याच्या लसीला खपली आणि पुळ्या दोन्ही असू शकतात, ते ठीक. साडेतीन महिन्यांच्या लसीपर्यंत मिलिया आणि पुळ्या गेलेल्या असायला हव्यात. नसतील, किंवा पुळ्या मुळात दीड महिन्यानंतर सुरू झाल्या, त्यांत काळी टोकं किंवा कठीण गाठी दिसल्या, तर दाखवा. ते वेगळ्या प्रकारचं मुरूम असतं आणि त्याचे व्रण राहू शकतात. खपली लाल होऊन ओली झाली, वास येऊ लागला, बाळ डोकं घासू लागलं किंवा मान-काखेच्या वळ्यांत पसरली, तरीही दाखवा. तेव्हा डॉक्टर थोड्या दिवसांसाठी सौम्य औषध देतात.

लसीच्या तारखेची वाट बघायची नाही अशी लक्षणं वेगळी आहेत. पाण्याने भरलेले फोड घोळक्याने आले, पू भरलेले मोठे फोड फुटून पिवळे खवले धरू लागले, अंगात १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप भरला, बाळ दूध ओढेना किंवा उठवूनही उठेना, तर त्याच दिवशी रुग्णालयात. नवजात बाळात पाण्याचे फोड हर्पीसचे असू शकतात आणि तिथे तासांचा हिशेब असतो. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर आशाताई बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी येतात; शंका असेल ते त्यांना टोपडं काढून दाखवा. फोटोवर लाली कमी-जास्त दिसते.

जुलैच्या शेवटी साडेतीन महिन्यांच्या लसीला मी सोबत गेले. नाक स्वच्छ, गाल स्वच्छ. उजव्या भुवईत दोन-तीन खवले आणि टाळूच्या मागच्या बाजूला रुपयाएवढी खपली उरली होती. सिस्टरने टोपडं वर केलं, पाहिलं, पुन्हा खाली ओढलं आणि कार्डावर वजन लिहिलं. रिक्षात बसल्यावर पणजी म्हणाल्या, 'आपोआप जाई.' एप्रिलपासून मी हेच सांगत होते, पण ते काही मी बोलून दाखवलं नाही.