मराठी पत्रक इटालियनमध्ये: इंग्रजीवरून न्यावं की थेट?

आपल्या बेळगावच्या उद्यमबाग-मच्छे पट्ट्यातला माल इटलीला जाणं नवीन नाही. रेज्जो एमिलिया आणि मोडेना ही तिकडची हायड्रॉलिक्सची गावं, आणि इथल्या फाउंड्र्यांत ओतलेल्या व्हॉल्व्ह बॉड्या तिथं जोडल्या जातात. नवीन आहे ते तिकडच्या ग्राहकाचं मागणं: तुमचा कारखाना सुरू झाल्याची बातमी आमच्या स्थानिक पेपरला आणि धंद्याच्या मासिकाला द्यायची आहे, इटालियनमध्ये पाठवा. मी एका फाउंड्रीच्या ऑफिसात पत्रव्यवहार बघतो. होनग्याजवळ आमचं नवं युनिट उघडलं तेव्हा हे काम माझ्या गळ्यात पडलं, आणि वर्षभरात दोन्ही वाटांनी जाऊन आलो. आता शेजारचे दोघे-तिघे विचारू लागलेत म्हणून लिहितोय.

पहिली वाट एजन्सीची. त्यांचा माणूस मराठीचं इंग्रजी करतो आणि दुसरा त्या इंग्रजीचं इटालियन. दुसरी वाट थेट, म्हणजे मराठी आणि इटालियन दोन्ही येणारा माणूस गाठायचा. आमच्या नशिबानं खानापूरकडचे एक निवृत्त फादर भेटले. घरची भाषा मराठी, आणि शिक्षणासाठी काही वर्षं रोममध्ये काढलेली.

एजन्सीचं कौतुक आधी करतो, कारण ते खरं आहे. आमचं मूळ पत्रक कसं होतं ते तुम्ही न वाचताही सांगाल. मा. आमदार अमुक यांच्या शुभहस्ते, तमुक यांच्या अध्यक्षतेखाली, आणखी पाच जणांच्या प्रमुख उपस्थितीत नूतन कारखान्याचे उद्घाटन मोठ्या थाटात संपन्न झाले. कारखाना काय बनवणार हे चौथ्या परिच्छेदात. इटालियन बातमीला हे चालत नाही. तिथं पहिल्या वाक्याला ‘अत्ताक्को’ म्हणतात, आणि काय झालं, कुठं, केवढ्याचं, हे त्यातच लागतं. एजन्सीनं पहिल्या झटक्यात ते वर आणलं: ओतीव लोखंडाचे सुटे भाग बनवणारा नवा कारखाना, दक्षिण भारतात बेळगावीला सुरू. आमदारांना एका ओळीत बसवलं, बाकीच्यांना ‘स्थानिक मान्यवरांच्या उपस्थितीत’ असं गुंडाळलं. वर छोटी ओळ, मग मथळा, मग खाली दोन ओळींचा गोषवारा. इटालियन पेपरात त्यांना ‘ओक्क्येल्लो’, ‘तितोलो’ आणि ‘सोम्मारियो’ म्हणतात. तिन्ही जागच्या जागी आणि दोन दिवसांत हातात.

फादरांना चार संध्याकाळी लागल्या. शिवाय त्यांचं इटालियन प्रवचनाच्या वळणाचं. कारखान्याला त्यांनी ‘फाब्ब्रिका’ लिहिलं. ते चूक नाही, पण औद्योगिक बातमीत ‘स्ताबिलिमेंतो’ हा शब्द जास्त बसतो. उद्घाटन झालं याला त्यांनी ‘फू इनाउगुरातो’ म्हटलं. तो दूरचा भूतकाळ, इतिहास सांगताना शोभणारा. परवाच्या घटनेला पेपरवाले ‘ए स्तातो इनाउगुरातो’ लिहितात. समारंभाला ‘सोलेन्ने’ हे विशेषणही लावलेलं, म्हणजे आपलं ‘मोठ्या थाटात’ तिकडं जाऊन पुन्हा उभं राहिलं. नुसता वेग आणि ढंग बघितला तर फादर हरले असं म्हणायला हरकत नाही.

आकड्यांचं थोडक्यात सांगतो, कारण तिथं दोन्ही वाटांवर लक्ष आपणच ठेवायचं आहे. १८ कोटी म्हणजे १८० मिलियन, आणि एजन्सीच्या पहिल्या खर्ड्यात ते १८ मिलियन झाले होते. सांगितल्यावर लगेच दुरुस्त केले. नुसते रुपये देऊनही उपयोग नाही. एक युरो ९० रुपये धरला तर हे सुमारे २० लाख युरो, आणि तो आकडा शेजारी हवाच. जागा आपण चार एकर लिहितो; तिकडं चौरस मीटर समजतात, म्हणजे साधारण १६ हजार. दशांशाला तिकडं स्वल्पविराम आणि हजाराला टिंब. म्हणून आपल्या पद्धतीनं लिहिलेला १,२०,००० हा आकडा त्यांना कोडं वाटतो. ही यादी पत्रकासोबत वेगळी करून दिली की कुणाचीच चूक होत नाही.

आता ज्या गोष्टीनं माझं मन फिरवलं तिच्याकडं येतो.

एजन्सीचा मजकूर आम्ही पाठवला. आठवड्यानं ग्राहकाच्या खरेदी विभागातल्या माणसाचा फोन आला. आवाज जरा सावध होता. दुसऱ्या भट्टीचं नक्की नाही का? आणि १२० जणांना काम देणार तेही अजून ठरायचं आहे का? मी चक्रावलो. भट्टी तर येऊन पडलेली, पाया झालेला. आमच्या पत्रकात स्वच्छ लिहिलं होतं की दुसरी भट्टी मार्चमध्ये सुरू होणार आहे आणि १२० जणांना रोजगार मिळणार आहे. इंग्रजी खर्डा काढून बघितला, त्यातही काही वावगं दिसेना.

मग दोन्ही कागद घेऊन फादरांकडं गेलो. त्यांनी इटालियन वाचलं आणि हसले. म्हणाले, “अहो, हे तर सगळं ‘म्हणे’ झालंय की! दुसरी भट्टी म्हणे मार्चमध्ये सुरू होणार, १२० जणांना म्हणे काम मिळणार. तुमचीच बातमी तुम्ही ऐकीव करून टाकलीत.”

घोटाळा असा झाला होता. मराठीतलं ‘होणार आहे’ हे ठरलेलं भविष्य. आपल्याकडच्या इंग्रजी पत्रकांत अशा जागी ‘विल’ऐवजी ‘वुड’ लिहायची खोड आहे. ते वाचून आपण कुणी दचकत नाही, ‘वुड’ म्हणजे ‘होणार’च, हे आपल्याला ठाऊक असतं. इटालियन करणाऱ्याला ते ठाऊक नसतं. त्यानं ‘वुड’ बघितलं आणि शाळेत शिकवतात तसं संकेतार्थी रूप वापरलं: काम देईल याला ‘दरा’ऐवजी ‘दरेब्बे’, सुरू होईल याला ‘एंत्रेरा’ऐवजी ‘एंत्रेरेब्बे’. व्याकरणात चूक नाही. पण इटालियन पेपरात या रूपाला स्वतःचं एक वजन आहे. बातमीदाराला खात्री नसते, कुणीतरी सांगितलेलं तो स्वतःच्या जबाबदारीवर लिहायला तयार नसतो, तेव्हा तो हेच रूप वापरतो. चोरीचा आरोप असलेल्या माणसाबद्दल, न ठरलेल्या सौद्याबद्दल हीच क्रियापदं येतात. रोज पेपर वाचणाऱ्या माणसाला तिथं ‘म्हणे’ ऐकू येतंच. कंपनीच्या स्वतःच्या पत्रकात ते आलं, म्हणजे कंपनीच हात झटकतेय असा वास येतो.

गंमत अशी की मराठीला हे नीट कळतं. ‘मार्चमध्ये सुरू होणार आहे’ आणि ‘मार्चमध्ये सुरू होणार म्हणे’ यातला फरक आपल्याकडं शेंबडं पोरही सांगेल. इटालियनलाही कळतं. मधल्या इंग्रजीतून जाताना मात्र तो गळून पडला. फादरांच्या खर्ड्यात ही चूक एकदाही नव्हती. त्यांनी ‘होणार आहे’ला सरळ भविष्यकाळ लावला. पत्रकात एका जागी ‘निर्यात वाढणे अपेक्षित आहे’ असं होतं, तिथं ‘ए प्रेविस्तो’ लिहिलं, म्हणजे ‘तसा अंदाज आहे’. ‘एब्बे’वाली क्रियापदं त्यांनी सगळ्या मजकुरात एकदाही वापरली नाहीत, कारण आमच्या पत्रकात ऐकीव असं काही नव्हतंच.

एजन्सीवर अन्याय नको म्हणून हेही सांगतो. हा दोष त्यांच्या इटालियन माणसाचा नव्हता. आणि इंग्रजीत प्रत्येक ‘वुड’ तपासून ‘विल’ केला असता तर बहुधा निभावलं असतं. पण तो तपासायचा कुणी? इंग्रजी आमच्या डोळ्यांखालून गेलं होतं, मीच ते पास केलं होतं.

तुमच्या हातात आयता इटालियन मजकूर आलेला असेल आणि भाषा येत नसेल, तर एक सोपी तपासणी आहे. फाइल उघडून `ebbe` शोधा. या रूपाचं तृतीयपुरुषी एकवचन ‘एब्बे’नं संपतं आणि अनेकवचन ‘एब्बेरो’नं, म्हणजे एका शोधात दोन्ही सापडतात. `sebbene` हा शब्द सापडला तर सोडून द्या, तो ‘जरी’ या अर्थाचा निरुपद्रवी शब्द आहे. बाकी प्रत्येक ठिकाणी मूळ मराठी वाक्य समोर ठेवून बघा की आपण तिथं खरंच शंका घेतली होती का. आमच्या दीड पानात अशी सात क्रियापदं निघाली.

थेट वाटेचा आणखी एक फायदा मला आधी सुचलाच नव्हता. आमच्या संचालिका बाई आहेत. इंग्रजीत ‘डायरेक्टर’ झाल्यावर बाई की पुरुष हे कळायला मार्ग उरत नाही, आणि एजन्सीच्या मजकुरात त्या ‘सी ए देत्तो’ म्हणून पुरुष झाल्या. फादरांनी मराठीत ‘संचालिका’ वाचलं आणि ‘देत्ता’ लिहिलं. कोर शॉपचंही तसंच. एजन्सीत ते ‘मुख्य कार्यशाळा’ झालं होतं. फादरांनाही शब्द माहीत नव्हता, पण त्यांनी फोन करून विचारलं की हे काय असतं. वाळूचा तो गाभा, ज्यामुळं ओतीव भागात पोकळी राहते, असं मी सांगितलं. मग त्यांनी ग्राहकाकडून शब्द मागवून घेतला. तिकडं त्याला ‘आनिमा’ म्हणतात, म्हणजे आत्मा. फादर त्यावर बराच वेळ खूश होते.

मग आता मी काय करतो? फादरांकडून थेट खर्डा करून घेतो आणि तो ग्राहकाच्या प्रसिद्धी विभागातल्या बाईंना पाठवतो. त्या अर्ध्या तासात ‘सोलेन्ने’ उडवतात, ‘फू’चं ‘ए स्तातो’ करतात आणि मथळा लावतात. ढंग असा शेवटी कुणीही इटालियन बातमीवाला सुधारू शकतो. पण ‘होणार’चं ‘म्हणे’ झालेलं त्याला कळणार नाही, कारण मराठी कागद त्यानं बघितलेलाच नसतो. प्रत्येकाला असे फादर सापडतील असं नाही, हे मान्य. उद्याच मजकूर हवा असेल तर मीही एजन्सीलाच फोन करीन. फक्त इंग्रजी खर्डा आधी मागून घेईन आणि त्यातले ‘वुड’ स्वतः खोडीन.

खर्चाचं विचाराल तर एजन्सी शब्दांवर पैसे लावते. फादर पैसे घेत नाहीत, एक किलो कुंदा घेतात, आणि तो कुठल्या दुकानातला यावर मात्र अडून बसतात.